मदत हवी आहे: बेन्झिन-टोल्युइनच्या मिश्रणाचं ΔG जुळत नाही, उद्या इंटर्नल

फोंड्याची_पोर
उद्या १० वाजता इंटर्नल आहे, कृपया लवकर सांगा. बेन्झिन आणि टोल्युइन मिसळल्यावरचं ΔG काढायचं आहे. माझं उत्तर -१.३९ येतं, मागे छापलेलं -५.५७ आहे. सूत्र बरोबर आहे, तीनदा तपासलं. दुसरं म्हणजे ΔH शून्य आहे असं दिलंय. मग उष्णता सुटतही नाही, लागतही नाही, तर ती दोन द्रव्यं मिसळतातच कशाला? आमच्या सरांना विचारलं तर म्हणाले, "एन्ट्रॉपीमुळे, लिहून घ्या."

लॉगबाब
काही नाही, तू ln ऐवजी log दाबलं असणार. माझे याच चुकीने ४ मार्क गेले होते. २.३०३ ने गुण, झालं काम.

कुडचडेकर
अगो, किती मोल, किती तापमान, एकक काय? यातलं काहीच लिहिलं नाहीस. आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

डिचोलीचो_स्कूटरवालो
मिश्रणाचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. पावसात स्कूटर उघड्यावर राहिली, टाकीत पाणी गेलं. आता इथेनॉलवालं पेट्रोल असतं ना, त्यामुळे तळाला वेगळा थर दिसतोय. टाकी सगळी रिकामी करू की नुसतं खालून काढू?

फोंड्याची_पोर
सॉरी. २५ अंश सेल्सिअस, १ मोल बेन्झिन, ३ मोल टोल्युइन, उत्तर किलोज्यूलमध्ये. आणि मी ln च वापरलंय हो! स्कूटर दुसऱ्या धाग्यात न्या ना कृपया.

वेर्णेची_बाटली
आता कळलं. log ची चूक नाही. ती असती तर ३ आणि १ मोलांवर -२.४२ आलं असतं. तुझं -१.३९ दुसरीकडून आलंय. तू असं लिहिलं असणार:

```
RT(x1 ln x1 + x2 ln x2)
= 2.478 × (0.25 × -1.386 + 0.75 × -0.288)
= -1.39
```

हे चुकीचं नाही, फक्त हे मिश्रणाच्या एका मोलाचं आहे. तुझ्याकडे एकूण ४ मोल आहेत. ln च्या बाहेर x च्या जागी n घाल, ln च्या आत मात्र x च राहू दे:

```
RT(n1 ln x1 + n2 ln x2)
= 2.478 × (1 × -1.386 + 3 × -0.288)
= -5.57 kJ
```

-१.३९ ला ४ ने गुण, तेच येतं. उत्तरपत्रिकेत आधी "४ मोलांसाठी" असं लिही, म्हणजे ही गफलत होणार नाही.

लॉगबाब
ठीक आहे, या वेळी log नव्हतं. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. आदर्श द्रावणात रेणूंमध्ये आकर्षणच नसतं, म्हणून ΔH शून्य. आकर्षण नाही म्हणजे अडवणारंही कोणी नाही, मग मिसळतात.

वेर्णेची_बाटली
नाही रे बाबा, ते आदर्श वायूचं झालं. बेन्झिनच्या रेणूंना एकमेकांचं आकर्षण नसतं तर बाटलीत द्रव म्हणून राहिलं असतं का? २५ अंशाला एक मोल बेन्झिनची वाफ करायला सुमारे ३४ किलोज्यूल लागतात. आकर्षण चांगलं दणकट आहे. आदर्श द्रावणात ते नाहीसं होत नाही. बेन्झिनच्या रेणूला शेजारी बेन्झिन मिळो की टोल्युइन, सरासरी ओढ तेवढीच राहते. शेजारी बदलला तरी हिशेब बदलत नाही, म्हणून ΔH शून्य.

आता पोरीचा खरा प्रश्न. शेजाऱ्याबद्दल पसंती-नापसंती नाही, तर प्रत्येक मांडणीची ऊर्जा सारखी. मग किती मांडण्या आहेत एवढंच मोजायचं उरतं. ८ जागा घे, त्यात २ बेन्झिन आणि ६ टोल्युइन बसव. मधे पडदा होता तेव्हा बेन्झिन आपल्या दोन जागांवर, टोल्युइन आपल्या सहांवर, मांडणी एकच. पडदा काढला की २८. त्यांपैकी पडद्याआधीची फक्त एक. रेणूंची संख्या खऱ्या बाटलीएवढी झाली की परत वेगळं होण्याची शक्यता इतकी नगण्य होते की वाट बघण्यात अर्थ नाही. कोणी ढकलत नाही, ओढतही नाही.

आणि "सगळं एन्ट्रॉपीमुळे" याचा नेमका अर्थ पण बघ. उष्णता बाहेर गेली नाही, म्हणजे सभोवतालच्या एन्ट्रॉपीत काही फरक नाही. वाढ झाली ती द्रावणाचीच: ५५७३ ज्यूल भागिले २९८, म्हणजे १८.७ ज्यूल प्रति केल्विन. तापमान वाढवलंस तरी हा १८.७ तसाच राहील, ΔG मात्र T च्या प्रमाणात अधिक ऋण होईल.

कुडचडेकर
मान्य. पण हे प्रयोगात दिसतं कुठे? ΔH शून्य तर थर्मामीटर हलणारच नाही.

वेर्णेची_बाटली
बाष्पदाबात दिसतं. शुद्ध बेन्झिनचा २५ अंशाला साधारण १२.७ किलोपास्कल. चतुर्थांश मोल फ्रॅक्शनला तो ३.२ च्या आसपास मोजला, की ln च्या आतला ०.२५ समोर येतो. फार वेगळा आला तर द्रावण आदर्श नाही.

आमच्या सॉल्व्हंट रिकव्हरीत हेच उलट्या बाजूने भोगावं लागतं. (बेन्झिन आमच्याकडे गेटातूनही आत येत नाही, टोल्युइन येतं.) ते ५.५७ किलोज्यूल म्हणजे दोन्ही पुन्हा वेगळे करायला निदान लागणारं काम. प्रत्यक्ष कॉलमला त्याच्या कितीतरी पट वाफ लागते. आणि शेवटचा अंश काढणं सगळ्यात महाग: अशुद्धी दहापट कमी करायची प्रत्येक पायरी तिच्या प्रत्येक मोलामागे आणखी ५.७ किलोज्यूल मागते. रात्रपाळीला रिफ्लक्स वाढवत बसतो आम्ही, ग्राफ जागचा हलत नाही.

हुर्राकप्रेमी
मग हुर्राकात पाणी घातलं तर हेच सूत्र? आमचे बाबा ग्राव बघून पाणी घालतात, भांडं किंचित कोमट लागतं हाताला.

वेर्णेची_बाटली
कोमट लागलं तिथेच उत्तर मिळालं तुम्हाला. ΔH शून्य नाही, आकारमानही बेरजेपेक्षा कमी भरतं, म्हणून आदर्श नाही. स्कूटरवाल्या काकांचंही तेच. आदर्श सूत्रात x चा ln नेहमी ऋण, म्हणजे कुठल्याही प्रमाणात मिसळणारच. ते सूत्र थर पडणं कधीच दाखवू शकत नाही. थर दिसला की सूत्र बाजूला ठेवायचं. टाकी पूर्ण रिकामी करा.

लॉगबाब
एक शंका. मांडण्याच मोजायच्या तर टोल्युइनच्या जागी बेन्झिनच ओतलं तर? सूत्र तरीही -५.५७ देईल. म्हणजे बेन्झिनमध्ये बेन्झिन मिसळल्यावर एन्ट्रॉपी वाढते?

कुडचडेकर
नाही, रेणू ओळखता येत नाहीत, तेव्हा नवी मांडणीच नाही. शून्य.

लॉगबाब
आणि हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेलं बेन्झिन घेतलं तर पुन्हा पूर्ण -५.५७? फरक एवढासा असला तरी उत्तर सगळं किंवा काहीच नाही? हे मला पटत नाही.

कुडचडेकर
पटो न पटो, तसंच आहे. फरक ओळखता येतो की नाही एवढाच प्रश्न.

लॉगबाब
"ओळखता येतो" म्हणजे कोणाला? मला की रेणूला?

फोंड्याची_पोर
माझं -५.५७ आलं! बाटली दादा, खूप आभार. तुमचं ड्युटेरियम परीक्षेनंतर वाचते. लाईट गेलीय, मोबाईल १२ टक्के.

डिचोलीचो_स्कूटरवालो
टाकी पूर्ण रिकामी म्हणजे कार्ब्युरेटरही उघडायचा काय?