अंतर्गत मेमो: निर्णय आधी की पार्श्वभूमी आधी?

सावकाश
एका पानाच्या मेमोची सुरुवातच मागणीने करण्याची पद्धत मला अविचारी वाटते. वरिष्ठांना आधी परिस्थिती कळावी, पर्याय दिसावेत आणि मग निर्णय त्यांचा त्यांनी घ्यावा. पहिल्याच ओळीत ‘मंजुरी द्या’ म्हणणे हा त्यांच्या विचारशक्तीवरचा अविश्वास आहे.

यंत्रशाळा
हे वाचून राहवले नाही. मी देखभाल विभागात आहे आणि पार्श्वभूमीत बुडालेले मेमो ‘नोंद घेतली’ एवढाच शेरा घेऊन परत येताना पाहत आलो आहे. आमच्याकडच्या एका मेमोचा विषय होता ‘शीतकरण पंपांबाबत’. पहिल्या परिच्छेदात पंप कधी बसवले ते होते, दुसऱ्यात दुरुस्त्यांचा इतिहास, आणि तळाशी ‘तरी योग्य तो विचार व्हावा’. कोणी, कशाचा आणि कधीपर्यंत विचार करायचा, हे पानभर शोधूनही सापडत नव्हते.

तो पुन्हा लिहिला तेव्हा विषयाची ओळ ‘पंप क्रमांक 2 बदलण्यास मंजुरी, 14 जूनपर्यंत’ अशी केली. मजकुराची सुरुवात अशी होती: “पंप क्रमांक 2 दुरुस्त करण्याऐवजी बदलण्यास प्रकल्पप्रमुखांची मंजुरी हवी आहे. खर्च देखभालीच्या मंजूर तरतुदीत बसतो. नवा पंप यायला 5 आठवडे लागतात आणि वार्षिक बंद 20 जुलैला सुरू होतो, म्हणून 14 जूननंतर मंजुरी मिळाल्यास पंप बंदच्या सुरुवातीला हाती नसेल आणि पुढचे वर्ष पर्यायी पंपाविना काढावे लागेल.” त्याखाली दोन कारणे आणि दुरुस्तीचा पर्याय का सोडला ते लिहिले. दुरुस्त्यांचा तक्ता जोडपत्रात गेला. विचारशक्तीचा अपमान कुठे झाला? उलट, खालचे प्रत्येक वाक्य कशासाठी तपासायचे, हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक होते.

हिशेबनीस
मागणी वर असावी हे मान्य, पण खर्चाचा उल्लेख वर नको. आकडा दिसताच वाचणारा नकाराच्या तयारीला लागतो आणि कारणांपर्यंत पोहोचतच नाही. आकडा तिसऱ्या परिच्छेदात, फायद्यांनंतर यावा.

यंत्रशाळा
वाचणारा आकडा शोधून काढतोच, आणि तो दडवलेला दिसला की पुढच्या मेमोकडेही संशयाने पाहतो. एकटा आकडा घाबरवतो, एवढे तुमचे बरोबर आहे. म्हणून त्याच्या शेजारीच निर्णय न घेतल्यास काय होईल ते लिहावे.

उत्तररात्र
तुम्ही सगळे ओळींच्या क्रमावर भांडता आहात. आमचे दुखणे वेगळेच आहे. आमच्या मेमोत मागणी पहिल्या ओळीत होती, मुदतही होती. पण ‘प्रति’मध्ये चार विभागप्रमुखांची नावे होती आणि प्रत्येकाने दुसऱ्याची सही होण्याची वाट पाहिली. मुदत उलटून गेल्यावर जाब मात्र मलाच विचारला गेला.

हिशेबनीस
आमच्याकडेही हेच चालते. नाव वगळले की माणूस दुखावतो, म्हणून सर्वांनाच निर्णयकर्ते करून टाकतात.

यंत्रशाळा
मग ती सुरुवात पूर्ण झालीच नव्हती. मंजुरी कोणाची हवी ते त्याच वाक्यात एका पदनामाने यायला हवे. बाकीच्यांची नावे ‘माहितीसाठी’ खाली जावीत.

उत्तररात्र
पदनाम लिहा म्हणणे सोपे आहे! आमच्याकडे अधिकार कोणाचा, हेच ठरलेले नाही. मी एकाचे पद लिहिले असते तर उरलेल्या तिघांनी मलाच धारेवर धरले असते. ज्यांच्याकडे अधिकारांची वाटणी स्पष्ट आहे त्यांनी आम्हाला शिकवू नये.

यंत्रशाळा
शिकवण्याचा हेतू नाही. पण मग पहिला मेमो ‘याचा निर्णय कोणी घ्यावा’ एवढाच विचारणारा हवा. दोन प्रश्न एकाच पानात घातले तर सोप्याचे उत्तर मिळते आणि अवघड प्रश्न तसाच राहतो.

उत्तररात्र
तो मेमोसुद्धा कोणाच्या नावे पाठवायचा, ते सांगा.

सावकाश
पंपाचे उदाहरण मला पटते, कारण वाचणाऱ्याला पंप माहीत होता. पण ज्याला विषयच नवा आहे, किंवा ज्याच्या हाताखालचे पथक मोडायचे आहे, त्याच्यासमोर पहिल्या ओळीत निर्णय ठेवला तर तो बचावाच्या पवित्र्यात जातो. आमच्या एका प्रमुखांनी असा मेमो पहिल्या ओळीवरच परत पाठवला होता.

यंत्रशाळा
विषय नवा असेल तर मागणीच्या आधी परिस्थिती सांगणारे एक वाक्य घालावे, परिच्छेद नव्हे. पथक मोडण्याचा विषय मात्र आधी समोर बसून बोलायचा असतो. त्यासाठी पहिले पाऊल म्हणून मेमो पाठवूच नये, हे मी मान्य करतो. पण बाकीच्या मेमोंसाठी माझी कसोटी कायम आहे. पहिल्या तीन वाक्यांखालचा मजकूर हाताने झाकावा आणि विषयाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला विचारावे की येथे कोणी, कशाला आणि कधीपर्यंत ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे आहे. त्याला सांगता आले नाही तर मेमो पाठवू नये.

सावकाश
एका वाक्याची सूट दिलीत, तेवढ्यापुरते मान्य करतो. पथकाच्या बाबतीत मी म्हणत होतो तेच तुम्ही अखेर म्हणालात, याचीही नोंद असू द्या.

उत्तररात्र
माझ्या चार विभागप्रमुखांचा प्रश्न अजून तसाच आहे.