मोठेपणी लक्षाच्या अडचणीची शंका : तपासणीचे अनुभव आणि तोवरचे उपाय

मृण्मयी_क
भाचीच्या एडीएचडीच्या तपासणीसाठी घरच्यांनी भरायची प्रश्नावली बहिणीने माझ्याकडे दिली होती. 'सूचना ऐकते, पण काम अर्ध्यावर सोडते', 'रोजच्या वापराच्या वस्तू हरवते' अशी विधाने भाचीचा विचार करून वाचायला घेतली आणि मला चौथीतली मीच आठवत गेले. पेपराच्या मागच्या पानावर प्रश्न असायचे आणि मी पान न उलटताच उत्तरपत्रिका देऊन मोकळी व्हायचे. घरात त्याला वेंधळेपणा म्हणत आणि विषय तिथेच संपे. गुण मात्र चांगले मिळत, कारण आई रोज शेजारी बसून अभ्यास घ्यायची. आता चाळिशीत कार्यालयातला साधा अहवाल शेवटच्या रात्रीपर्यंत सुरूच होत नाही. तपासणीसाठी नाव नोंदवले आहे, पण तारीख लांबची आहे. मोठ्या माणसाची तपासणी नेमकी कशी होते आणि तोवर काय करावे, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी कृपया लिहावे.

रानपाखरू
इतके थांबायची गरज नाही. सहा प्रश्नांची एक प्रश्नावली सहज मिळते. त्यात चार उत्तरे ठरावीक खुणेच्या पुढे गेली की एडीएचडी आहे असे समजायचे. खात्री हवी असेल तर मेंदूचा स्कॅन करून घ्यावा.

शमिका
माझा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि अभ्यासाला दहा मिनिटेही बसत नाही. त्यालाही हीच प्रश्नावली चालेल का?

अनघा_मानस
शमिका, ती प्रश्नावली प्रौढांसाठी आहे. मुलांच्या प्रश्नावल्या वेगळ्या असतात आणि त्या पालक व शिक्षक भरतात. सहाव्या वर्षी दहा मिनिटांत उठणे एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

रानपाखरू, सहापैकी चार हे बरोबर आहे, परंतु त्याचा अर्थ 'पुढे तपासायला हवे' एवढाच होतो. चिंता, नैराश्य किंवा अपुरी झोप असलेला माणूसही त्याच चार खुणा करतो. स्कॅनवरून किंवा रक्ताच्या चाचणीवरून हे निदान होत नाही. संगणकावरच्या एकाग्रतेच्या चाचण्या काही ठिकाणी घेतात, पण त्यांवरही एकट्याने निदान ठरत नाही, कारण अनोळखी शांत खोलीत, कोणी बघत असताना अनेकांना लक्ष उत्तम देता येते. निदान उभे राहते ते सविस्तर मुलाखतीवर. मी हे काम करते, म्हणून ठामपणे लिहिते आहे.

विहंग
माझी मुलाखत दीड तासाहून अधिक चालली. नुसते 'हो' चालत नव्हते, प्रत्येक लक्षणाला उदाहरण द्यावे लागले. 'काम पूर्ण होत नाही' असे मी म्हटल्यावर त्यांनी विचारले, मागच्या महिन्यातले असे एक काम सांगा. मी विम्याचा अर्ज सांगितला. मग तो कुठवर भरला होता, कशापाशी थांबला, तो पुन्हा हातात कसा आला, उशिरामुळे काय भुर्दंड पडला आणि असे किती वेळा होते, हे सगळे विचारले. त्यानंतर तोच प्रश्न लहानपणाबद्दल आला. शाळेत मला ओरडा बसल्याचे आठवत नव्हते, म्हणून त्यांनी थोरल्या भावाला फोन केला. माझे दप्तर रोज रात्री तोच भरायचा, हे त्याच्याकडून कळले. मला ते नवीनच होते.

मृण्मयी, आई शेजारी बसायची, हे तपासणीत अवश्य सांगा. गुण चांगले होते एवढ्यावर ते थांबत नाहीत. ते गुण कोणाच्या आधारावर आले, हेही विचारतात.

जाईजुई
माझ्याकडे सगळी लक्षणे जुळत होती, पण निदान निराळे निघाले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला की हे केव्हापासून आहे, आणि मला विचार न करता सांगता आले की पस्तिशीनंतर. त्याआधी मी घरातली सर्वांत नीटनेटकी व्यक्ती होते. मी रात्री मोठ्याने घोरते हे यजमानांनी सांगितल्यावर झोपेची तपासणी झाली आणि झोपेत श्वास अडकत असल्याचे दिसले. मशीन लावून झोपू लागल्यावर दुपारचा तो धूसरपणा बराच ओसरला. थायरॉईडही त्याच वेळी तपासले होते, ते ठीक निघाले. तारखेची वाट पाहताना एवढे तरी आधी करून घ्यावे.

अनघा_मानस
जाईजुईंचा मुद्दा कळीचा आहे. बारा वर्षांच्या आत काही लक्षणे दिसलेली असावीत, हा निकष आहे. पूर्वी ही मर्यादा सात वर्षांची होती, ती २०१३ मध्ये वाढवली. सतरा वर्षांपुढच्या व्यक्तीत बेध्यानपणाच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच, किंवा अतिचंचलतेच्या नऊपैकी पाच लागतात, आणि त्यांचा त्रास घरी व कामावर अशा किमान दोन ठिकाणी दिसावा लागतो. एकाच वरिष्ठांच्या हाताखाली लक्ष लागत नसेल, तर आधी ती नोकरी तपासावी लागते.

केशवसुत७१
माझे आईवडील हयात नाहीत आणि प्रगतिपुस्तके घर बदलताना गेली. मग पुरावा कोठून आणावा?

अनघा_मानस
काका, भावंडे, शाळेपासूनचा मित्र, मामा किंवा आत्या, कोणीही चालते. तरीही कधीकधी चित्र पुरे होत नाही, आणि तेव्हा अहवालात 'शक्यता आहे, पण बालपणाची माहिती अपुरी' असे लिहिले जाते. अशा वेळी पुढे काय करावे याबाबत आमच्या क्षेत्रातही एकमत नाही.

रानपाखरू
स्कॅनचे म्हणणे मागे घेतो. पण औषध घेऊन पाहिले आणि लक्ष लागले, तर तो पुरावा मानता येईल ना? माझ्या मित्राकडे गोळ्या आहेत.

अनघा_मानस
नाही. ती उत्तेजक औषधे निदान नसलेल्या अनेकांचीही एकाग्रता तात्पुरती वाढवतात, त्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. सुरू करण्याआधी रक्तदाब, नाडी आणि हृदयविकाराचा घरचा इतिहास पाहतात. दुसऱ्याची गोळी कृपया घेऊ नका.

सुमेधा_प
तोवरच्या उपायांबद्दल लिहिते. यादी करून माझे काही झाले नाही, कारण यादी वहीत राहते आणि वही मिटलेली असते. उपयोग झाला तो दोन गोष्टींचा. काम थांबवताना पुढची पहिली हालचाल एका चिठ्ठीवर क्रियापदासह लिहून ती की-बोर्डवरच ठेवते. 'अहवाल' असे नाही, तर 'तिसऱ्या तक्त्यात मार्चचे आकडे भर' असे. सकाळी चिठ्ठी उचलल्याशिवाय टंकता येत नाही आणि तेवढ्यात काम सुरू झालेले असते. दुसरे म्हणजे मामेबहीण आणि मी फोन चालू ठेवून आपापले काम करतो. बोलायचे नाही. सुरुवातीला काय करणार ते एका वाक्यात सांगायचे आणि शेवटी काय झाले ते सांगायचे. मात्र चिठ्ठ्यांचा रंग आणि जागा मधूनमधून बदलावी लागते, नाहीतर डोळ्यांना त्या दिसेनाशा होतात.

विहंग
असे उपाय आधीच सुरू केले तर तपासणीत त्रास कमी दिसेल का, अशी मला भीती होती.

अनघा_मानस
उपाय करत राहा. फक्त 'मी वेळेवर पोहोचते' एवढेच न सांगता, त्यासाठी किती गजर लावता आणि एक चुकला तर काय होते, तेही सांगा. तो खटाटोपही आम्ही नोंदवतो.

मृण्मयी_क
सर्वांचे मनापासून आभार. थोरल्या दादाशी बोलताना माझी उत्तरे त्याला आधी सांगणार नाही, म्हणजे त्याला जे आठवते तेच तो सांगेल. झोपेचे आणि थायरॉईडचे या महिन्यातच पाहून घेते. मला अधूनमधून धडधड होते, तेही तपासणीत सांगावे का?

अनघा_मानस
होय, पहिल्याच भेटीत सांगा, आणि आधी ईसीजी काढलेला असेल तर तो सोबत न्या.