मदत हवी आहे: १५० एएचची बॅटरी हिशेबाने साडेसहा तास, प्रत्यक्षात साडेतीनच का?

सांजदिवा: नमस्कार मंडळी. घरी इन्व्हर्टरला १५० एएचची एकच ट्यूब्युलर बॅटरी आहे, घेऊन अडीच वर्षं झाली. लाईट गेली की तीन सीलिंग फॅन, ९ वॉटचे चार एलईडी बल्ब आणि राउटर एवढंच चालतं. फॅन ७५ वॉटचा धरला तर सगळं मिळून साधारण २७० वॉट. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे १५० गुणिले १२, १८०० झाले. त्याला २७० ने भागलं की साडेसहा तास येतात. काल रात्री अकराला लाईट गेली आणि अडीचला इन्व्हर्टर टूं टूं करून बंद. आई आजारी आहे, पंखा थांबला की तिला लगेच जाग येते. उरलेली रात्र मी तिला वर्तमानपत्राने वारा घालत बसले होते. हिशेबात काय चुकतंय?

वातकुक्कुट: इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो, ते धरलं नाहीत. १८०० चे ८० टक्के घ्या, १४४०. भागिले २७०, पाच तास वीस मिनिटं. तेवढा बॅकअप मिळायलाच हवा. मिळत नसेल तर बॅटरी गेली, नवीन घ्या.

निळाशाई: आमच्याकडे ८५० व्हीएचा इन्व्हर्टर होता, तो बदलून ११०० चा घेतला. तुम्हीही मोठा घ्या, वेळ वाढेल.

तांब्याची तार: निळाशाई, इन्व्हर्टर मोठा घेतला तर एका वेळी जास्त वस्तू चालतील, पण त्या किती वेळ चालतील ते बॅटरी ठरवते. तुमच्याकडे त्याच वेळी बॅटरीही नवी आली असेल, तर फरक तिचा असणार.

सांजदिवा, वातकुक्कुट यांनी सांगितलेली घट बरोबर आहे, पण हिशेब तिथे संपत नाही. बॅटरीवर १५० एएचच्या शेजारी बारीक अक्षरात C20 लिहिलेलं असेल. म्हणजे ही बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली, साडेसात अँपिअरने, तरच १५० मिळतात. तुमचा लोड २७० वॉट. इन्व्हर्टरची घट धरून बॅटरीतून सुमारे ३४० वॉट ओढले जातात, म्हणजे २८ अँपिअर. जवळजवळ चौपट. इतक्या जोरात ओढलं की शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण माल देतच नाही. आम्ल प्लेटच्या आतपर्यंत पोचायच्या आधीच व्होल्टेज साडेदहाच्या आसपास उतरतं आणि इन्व्हर्टर कट होतो. नव्या बॅटरीतूनही या लोडवर ११५ एएचच्या आसपास धरा, म्हणजे चार तास. अडीच वर्षांची झीज पंधरा टक्के धरली तर ९८ उरतात. भागिले २८, साडेतीन तास. तुमचं घड्याळ बरोबर आहे.

याचीच दुसरी बाजू तुमच्या कामाची आहे. एक फॅन बंद करा. लोड १९५ वॉट, बॅटरीतून २० अँपिअर. सावकाश ओढल्यामुळे आता १०६ एएच मिळतील, म्हणजे सव्वापाच तास. लोड चौथा हिस्सा कमी झाला आणि वेळ निम्म्याने वाढला. आईंच्या खोलीत बीएलडीसी फॅन बसवलात तर तो ३० वॉटच्या आसपासच घेतो, मग बाकीचे दोन पंखेही ठेवता येतील.

वातकुक्कुट: C20 माझ्या ध्यानातच नव्हतं. पण पंधरा टक्के झीज कशावरून? ती तुम्ही उत्तर जुळावं म्हणून धरलीत.

तांब्याची तार: खरं आहे, तो अंदाज आहे. हायड्रोमीटरने, म्हणजे आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने, बघता येईल. लाईट न जाता पूर्ण रात्र चार्ज होऊ द्या, सकाळी सहाही झाकणं उघडून आम्ल ओढा. हातमोजे आणि चष्मा घालाच. नळी हलकेच टिचका, फ्लोटला बुडबुडे चिकटले की आकडा फसवतो. डिस्टिल्ड वॉटर नुकतंच घातलं असेल तर त्या दिवशी मोजू नका, पाणी वरच तरंगतं.

सांजदिवा: आज मोजलं. पाच सेल १२३० ते १२४०, तिसरा मात्र ११८५. दोनदा बघितलं, तोच आकडा.

तांब्याची तार: पन्नासचा फरक लहान नाही. तो सेल अशक्त असेल तर सगळी बॅटरी त्याच्याच वेळेला थांबते, बाकी पाचांत माल असला तरी. पण लगेच बदलू नका. रोज थोडा थोडा लाईटचा खेळ होत असेल तर एखादा सेल अर्धवट भरलेलाच राहतो.

वातकुक्कुट: माझ्या मते तो सेल गेलाच.

सांजदिवा: रोज संध्याकाळी तासभर जातेच. रविवारी दिवसभर लोड न देता चार्जिंगला ठेवते, सोमवारी परत मोजून इथेच आकडा टाकते. तोवर हॉलचा फॅन बंद. काल दोनच पंख्यांवर चार तास काढले, आई मध्ये उठली नाही.