लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो: 'आपल्या' की 'आमच्या', आणि नवऱ्याला काय म्हणायचं?

घोडबंदरवाली
येत्या रविवारी आमच्या लग्नाला पंधरा वर्षं होतायत. एक फोटो टाकायचा आहे. तलावपाळीच्या कट्ट्यावर आम्ही दोघं भेळ खातोय, लेकीने काढलाय. दोघांचंही कॅमेऱ्याकडे लक्ष नाही. हे माझ्या भेळेतला कांदा वेचून स्वतःच्या कागदात टाकतायत आणि मी त्यांची पुरी पळवतेय. फोटो मला फार आवडतो, ओळ सुचत नाही. दोन मसुदे केलेत:

१. माझ्या जीवनसाथीच्या साथ सुखी संसाराची १५ वर्षे यशस्वीरीत्या पूर्ण!
२. आपल्या लग्नाला आज १५ वर्ष झाले. तू आहेस म्हणून मी आहे.

पहिला वाचून नवरा म्हणाला, "आपण काय पतपेढी आहोत?" दुसरा त्याला दाखवलेलाच नाही. अडचण अशी की हा फोटो मैत्रिणींबरोबर सासरच्या ग्रुपवरही जाणार. घरात मी त्याला 'तू' म्हणते, सासूबाईंसमोर 'हे'. ओळीत माया हवी, प्रदर्शन नको. काय लिहू?

ऐरोलीकर
ताई, पहिल्यात 'साथ' काढा आधी. तो हिंदी शब्द आहे, मराठीत नाहीच. 'सोबत' लिहा. आणि 'लग्नाचा वाढदिवस' असंही लिहू नका हं, वाढदिवस माणसाचा असतो. लग्नाचा 'वर्धापनदिन'.

जुना मुद्रितशोधक
ऐरोलीकर, अर्धं पटलं. 'कुणाच्या साथ' हे हिंदी वळण आहे, ते जायलाच हवं. पण साथ हा शब्द मराठीतला आहे. आपण साथ देतो, साथ सोडतो, गवयाला तबल्याची साथ असते, आणि पावसाळ्यात तापाची साथही येते. नाम म्हणून ठेवा, 'बरोबर'च्या जागी बसवू नका. आणि तुमचा 'सोबत' तरी कुठे अस्सल देशी? तो फारसी 'सोहबत'वरून आलाय. शब्दाचं गाव विचारत बसलो तर फोटोखाली काहीच लिहिता येणार नाही.

वर्धापनदिन मात्र बिलकुल नको. तो बँकेचा, मंडळाचा, वर्तमानपत्राचा. नवरा पतपेढी म्हणाला ते त्यामुळेच, 'यशस्वीरीत्या पूर्ण' हे अहवालातले शब्द आहेत. 'लग्नाचा वाढदिवस' चांगला रुळलेला आहे, त्याला हात लावू नका.

वाशीहून
मी आमच्या आईबाबांच्या पन्नासाव्यासाठी बॅनर करतोय. 'सहजीवनाची सुवर्णमहोत्सवी वाटचाल' कसं वाटतं? खाली सगळ्या नातवंडांची नावं येणार आहेत. हॉल सानपाड्याला आहे, बॅनर दहा बाय सहा फूट.

नौपाड्याची मावशी
अरे बाबा, इथे फोटोखालच्या एका ओळीचं चाललंय, तू मांडव घालून बसलास! थांब जरा.

घोडबंदरवाली, माझं सांगते. गेल्या वर्षी भाचीने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं, "आपल्या लग्नाला दहा वर्षं झाली." तिचे काकासासरे लगेच म्हणाले, "आपल्या? आमच्या लग्नाला चाळीस होतील." सगळे हसले, ती बिचारी ओशाळली.

जुना मुद्रितशोधक
मावशींनी नेमकी जागा दाखवली. माझ्या मते दिखाऊपणा विशेषणांत कमी आणि इथे जास्त असतो. 'आमच्या' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपल्या' म्हटलं की तो आत येतो. "आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली" ही तुम्ही आम्हाला दिलेली बातमी झाली. नवरा त्या 'आमच्या'त तुमच्या शेजारी बसलाय आणि आम्ही समोर. "आपल्या लग्नाला पंधरा वर्षं झाली" हे तुम्ही नवऱ्याला सांगताय, तेही दोनशे माणसांसमोर. ते त्याला घरी चहा घेतानाही सांगता येईल. मग चारचौघांत कशाला, असं वाचणाऱ्याच्या मनात येतं. तो बोलून दाखवत नाही, अंगठा दाखवून पुढे जातो.

'तू आहेस म्हणून मी आहे' याचंही तेच. ओळ वाईट नाही, पण ती चिठ्ठीत लिहायची.

ऐरोलीकर
पण काका, सगळेच तसं लिहितात. बायको समोर सोफ्यावर बसलेली असते आणि माणूस फेसबुकवर तिला 'तू' म्हणत असतो.

जुना मुद्रितशोधक
लिहू देत की. ताईंनी 'प्रदर्शन नको' म्हटलंय म्हणून सांगतोय. ज्याला हवं असेल त्याने 'आपल्या' लिहावं, व्याकरण चुकत नाही.

खारघरचा वऱ्हाडी
'१५ वर्ष झाले' याला कुणी हात लावला नाही म्हणून विचारतो. आमच्याकडे 'पंधरा वर्षं झाले' असंच म्हणतात, नागपूरला कुणाला खटकत नाही. इथे आल्यापासून ऑफिसात सगळे दुरुस्त करतात.

जुना मुद्रितशोधक
तुमच्या तोंडी 'वर्षं झाले' असेल तर तुमच्या ओळीत ते शोभेल, मी त्याला चूक म्हणणार नाही. ताई ठाण्याच्या. त्या बोलताना 'वर्षं झाली' म्हणतात, वर पहिल्याच वाक्यात 'वर्षं होतायत' लिहिलंय, आणि ओळ लिहायला बसल्यावर 'वर्ष झाले' झालं. एक वर्ष झालं, पंधरा वर्षं झाली. तो अनुस्वार फोनवर टाईप करताना गळतो आणि मग क्रियापदही बिचकतं.

आणखी एक. 'वर्षे' लिहायचं की 'वर्षं'? दोन्ही चालतात, पण एका ओळीत एकच सूर ठेवा. "१५ वर्षे झाली, कळलंच नाही" यात पहिला अर्धा शाळेच्या निबंधातला आणि दुसरा घरातला. लेखनाच्या नियमांतही बोलण्याच्या भाषेला 'असं, केलं' आणि इतरत्र 'असे, केले' अशी सोय केलेली आहे. घरगुती फोटोला बोलीतलं रूप बरं. आणि आकड्याऐवजी अक्षरात 'पंधरा' लिहा, प्रमाणपत्राचा वास जातो.

खारघरचा वऱ्हाडी
अक्षरात लिहिण्याचं पटलं. 'झाली'चं नाही पटलं, पण राहू द्या.

घोडबंदरवाली
बरं, 'आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली' इथपर्यंत आले. आता पुढे नवऱ्याला काय म्हणू? नवरा, पती, मिस्टर, जोडीदार?

नौपाड्याची मावशी
पती म्हटलं की मला पोलिसांची बातमी आठवते, "पतीस अटक". मिस्टर आमच्या वेळचं. यजमान म्हणशील तर सत्यनारायणाला बसल्यासारखं वाटेल. जोडीदार ठीक, पण हल्ली विवाह मंडळाच्या जाहिरातीत फार दिसतो. 'नवरा' काय वाईट आहे?

ऐरोलीकर
आम्हा पुरुषांचंही तेच. पत्नी फॉर्म भरताना, धर्मपत्नी व्यासपीठावर, 'सौ.' पत्रिकेत. राहता राहिली बायको. मी बायकोच लिहितो.

घोडबंदरवाली
'नवरा' मला चालेल, पण वाक्य केलं की क्रियापदात अडकते. "नवरा अजून माझा कांदा वेचतो" लिहिलं तर सासूबाई म्हणतील, 'वेचतो' काय? "हे अजून कांदा वेचतात" लिहिलं तर मैत्रिणी वर्षभर चिडवतील, त्यांच्यासमोर मी त्याला नावाने हाक मारते. "कांदा वेचला जातो" असंही करून पाहिलं.

जुना मुद्रितशोधक
'वेचला जातो' नको, नगरपालिकेचा कचरा वाटतो.

वाशीहून
भेळवाल्याला 'कांदा नको' असं सांगायचं ना!

घोडबंदरवाली
सांगते हो. तरी पडतोच.

नौपाड्याची मावशी
उखाणा घाल की! ऐक:
मासुंद्याच्या काठी खाल्ली भेळ गरमागरम,
अमुकरावांचं नाव घ्यायला आता कसली शरम!

ऐरोलीकर
मावशी, भेळ गरम नसते.

नौपाड्याची मावशी
शरमला गरमच जुळतं. तू भेळ खा, उखाणा मी बघते.

जुना मुद्रितशोधक
उखाणा गमतीचा आहे, पण त्याची सगळी मजा नाव उशिरा येण्यात असते. फोटोत माणूस समोरच बसलाय आणि नाव टॅगही झालंय, मग लपवायचं काय उरलं?

ताई, तुमची अडचण क्रियापदाची आहे. तो-ते, वेचतो-वेचतात हा निवाडा मराठी क्रियापद आपल्याकडून करवून घेतंच. तेव्हा क्रियापदच गाळा. तुम्ही वर जे सांगितलंत, कांदा त्यांच्या कागदात, पुरी तुमच्याकडे, तेवढंच लिहा:

"आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली. भेळेतला कांदा तिकडे, पुरी इकडे. वाटणी अजून तीच."

यात 'तू' नाही, 'हे' नाही, नवरा हा शब्दही नाही. फोटो बघणाऱ्याला कोण ते दिसतंच आहे. आणि एक गंमत बघा. जुन्या घरांतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तेव्हा 'इकडे', 'तिकडे', 'इकडची स्वारी', 'तिकडून येणं झालं' असंच म्हणत. माझी आजी आजोबांना 'इकडून' म्हणायची. सासूबाईंना तो सूर कदाचित ऐकू येईल, मैत्रिणींना फक्त भेळ दिसेल. दोन्हींत बिघडत नाही.

नौपाड्याची मावशी
इकडची स्वारी! आमच्या आत्याबाई म्हणायच्या. पण त्यात नवरा 'इकडे' असायचा ना? तुम्ही त्याला तिकडे पाठवलात.

जुना मुद्रितशोधक
दोन्ही ऐकलंय. समोर असला की बहुतेक 'इकडे', पाठीमागे बोलताना 'तिकडे'. घराघरात फरक होता. इथे पुरी ताईंच्या हातात आहे, तेव्हा इकडे त्याच.

ऐरोलीकर
'वाटणी'ने घर फुटल्यासारखं नाही वाटत? भावाभावांची वाटणी होते. 'हिशोब अजून तोच' करा.

घोडबंदरवाली
हिशोब म्हटलं की परत पतपेढी. वाटणी राहू दे, त्या शब्दाची थोडी टोचणी मला आवडली. 'सोबत' कुठे बसेल का? तो शब्द मला आवडतो.

जुना मुद्रितशोधक
आवडण्यासारखाच आहे. 'बरोबर'मध्ये नुसतं संगतीने जाणं येतं. 'सोबत'मध्ये कुणीतरी आपल्यासाठी आलंय असं असतं, रात्री अंधारातून जाताना सोबतीला कुणी घेतो तसं. पण "सुंदर सोबतीची पंधरा वर्षं" असं लिहिलंत की भेळ गेली. सोबत फोटोत दिसतेय, ती शब्दात पुन्हा सांगितली की फिकी पडते. पुढच्या वर्षी फोटोत दोघं नुसते चालत असाल तेव्हा वापरा.

घोडबंदरवाली
ठरलं. फक्त 'अजून' काढते. "भेळेतला कांदा तिकडे, पुरी इकडे. वाटणी तीच." 'अजून'ने उगाच नवल केल्यासारखं वाटतंय.

जुना मुद्रितशोधक
मी ठेवला असता. तुमची ओळ, तुमची मर्जी.

वाशीहून
माझं बॅनर राहिलंच. 'वाटचाल' ठेवू का?

नौपाड्याची मावशी
आईबाबा काय पदयात्रेला निघालेत? 'आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. जेवायला या.' एवढं पुरे.

वाशीहून
'जेवायला या' हॉलच्या दारातच लावायचंय, आलेले असतील सगळे. आणि छपाईवाल्याने नमुना पाठवलाय, 'वर्ष'वरचा अनुस्वार उडालाय.

खारघरचा वऱ्हाडी
मग 'झाले' करून टाका!