अनुभव धागा: व्यतिकरण आणि विवर्तनाच्या गणितांत सूत्र कसे ओळखले?

धागालेखिका
जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना मला एक गोष्ट फार उशिरा उमगली. दोन स्लिटच्या प्रयोगात d sinθ = nλ ही तेजस्वी पट्ट्याची अट असते, आणि एका स्लिटच्या विवर्तनात तशाच दिसणाऱ्या a sinθ = nλ या अटीला काळोख मिळतो. λ = 600 nm, पडदा 1 m दूर आणि 0.2 mm ही लांबी घेऊन मी दोन्ही आकृत्या शेजारी काढल्या. ही लांबी दोन स्लिटमधील अंतर असेल, तर केंद्रापासून 3 mm वर पहिला तेजस्वी पट्टा येतो, आणि तीच एका स्लिटची रुंदी असेल, तर त्याच जागी पहिला काळा पट्टा येतो. हे आपल्याला कसे ओळखता आले आणि कुठे फसगत झाली, ते कृपया लिहावे.

दुसरा_प्रयत्न
माझा नियम सोपा आहे. प्रश्नात कोन विचारला असेल तर विवर्तन आणि मिलिमीटरमध्ये अंतर विचारले असेल तर व्यतिकरण. गेल्या वर्षीच्या सरावात बहुतेक गणिते या नियमाने सुटली.

निवृत्त_मास्तर
हा नियम धोक्याचा आहे. एनसीईआरटीच्या पुस्तकातले गणित पाहा: 500 nm चा प्रकाश, पडदा 1 m वर, पहिला काळा पट्टा केंद्रापासून 2.5 mm वर, तर स्लिटची रुंदी किती? विचारणा सगळी मिलिमीटरची, पण गणित विवर्तनाचे, आणि उत्तर 0.2 mm. मी मुलांना अंकांकडे नंतर पाहायला सांगत असे; आधी दिलेली छोटी लांबी ‘स्लिटची रुंदी’ आहे की ‘दोन स्लिटमधील अंतर’, या शब्दांखाली रेघ मारायची.

अटी उलट का होतात, हेही एकदा समजून घ्यावे. एका स्लिटच्या दोन कडांकडून येणाऱ्या किरणांत λ एवढा पथफरक पडला, की वरच्या अर्ध्या भागातील प्रत्येक बिंदूला खालच्या अर्ध्या भागात λ/2 ने मागेपुढे असलेला जोडीदार मिळतो आणि जोडीजोडीने सगळा प्रकाश खलास होतो. दोन स्लिटच्या प्रयोगात अशी जोडी लावायला मधले बिंदूच नसतात.

काठावर_पास
माझे गुण काळ्या पट्ट्याच्या क्रमांकात गेले. λ = 600 nm, D = 1 m, d = 0.5 mm, पाचवा काळा पट्टा कुठे? पट्टारुंदी 1.2 mm बरोबर आली, मात्र (2n+1) मध्ये n = 5 घातल्याने 6.6 mm लिहिले. पहिल्या काळ्या पट्ट्याला n = 1 म्हणायचे असेल तर (2n−1) हवे, म्हणजे 4.5 पट्टारुंद्या, 5.4 mm. विवर्तनातल्या दुय्यम तेजस्वी पट्ट्यांसाठी (2n+1)λ/2 पाठ केले होते, तेच इथे आले. आता मी सूत्र न आठवता पट्टे बोटावर मोजतो: अर्धा, दीड, अडीच.

प्रयोगवहीवाला
आमच्या बायप्रिझमच्या प्रयोगात मी सूक्ष्मदर्शकातून वीस पट्टे मोजले आणि अंतराला विसाने भागले. वीस रेषांत एकोणीसच मोकळ्या जागा असतात. तरंगलांबी सुमारे पाच टक्के कमी आली आणि दोष मी दिव्याला दिला.

धागालेखिका
प्रयोगवहीवाला, मी लेखी गणितांविषयी विचारले होते, पण ‘दहाव्या पट्ट्यापासून तिसाव्यापर्यंत’ अशा प्रश्नांत हीच चूक होते, त्यामुळे आपला अनुभव इथे राहू द्यावा.

निवृत्त_मास्तर
आणखी दोन खाचखळगे सांगतो. ‘मध्यवर्ती तेजस्वी पट्ट्याची रुंदी’ विचारली, तर दोन्ही बाजूंच्या पहिल्या काळ्या पट्ट्यांमधले अंतर घ्यावे, 2λD/a. निम्मे उत्तर लिहिणारे दरवर्षी निघत. दुसरे, कोन मोठा असला तर sinθ आणि tanθ एकच मानू नये. रुंदी 0.0012 mm आणि λ = 600 nm असेल तर पहिला काळा पट्टा 30° वर येतो; 1 m वरच्या पडद्यावर तो 57.7 cm वर पडेल, λD/a मात्र 50 cm सांगते.

दुसरा_प्रयत्न
माझा नियम मागे घेतो. पण मग रुंदी आणि अंतर दोन्ही दिले तर? d = 1 mm असताना मध्यवर्ती विवर्तन पट्ट्यात व्यतिकरणाचे दहा तेजस्वी पट्टे बसवायचे आहेत; पुस्तक 10λ/d = 2λ/a मांडून a = 0.2 mm देते.

काठावर_पास
मी हे मोजून पाहिले. d/a = 5 असल्यामुळे पाचवा तेजस्वी पट्टा नेमका विवर्तनाच्या काळ्या जागी येतो आणि दिसतच नाही. मग उरतात मधला एक आणि दोन्ही बाजूंचे चार-चार, म्हणजे नऊ.

निवृत्त_मास्तर
मोजणी आपली बरोबर आहे. पुस्तकाने केवळ रुंद्यांचे गुणोत्तर घेतले आहे. परीक्षेत मी 0.2 mm च लिहायला सांगत असे, आणि ते मनाला कधीच पटले नाही.