मदत हवी आहे: पर्सनल ट्रेनर मधेच सोडून गेला, पैसे परत कसे मागू आणि जिमबद्दल खरं काय लिहू? (जळगाव)

शाळामास्तरीण
नमस्कार मंडळी. मी जळगावला शिक्षिका आहे. मागे कंबरेतली गादी सरकली होती. बरं वाटू लागल्यावर डॉक्टरांनी ताकदीचे व्यायाम नीट शिकून करायला सांगितले. म्हणून जवळच्या जिमची वर्षाची फी 11,000 भरली आणि वेगळे 14,400 देऊन पर्सनल ट्रेनरची 36 सत्रं घेतली.

पहिला ट्रेनर फार चांगला होता. सुरुवातीला त्याने वजनाला हात लावू दिला नाही. पाठीवर काठी उभी धरायला लावायचा. डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही काठीला टेकलेलं ठेवून खुब्यातून वाकायचं. ते जमल्यावरच हातात हलकं डंबेल दिलं. प्रत्येक वेळी वहीत वजन लिहायचा आणि पाय झिणझिणतोय का ते विचारायचा.

12 सत्रांनंतर तो नोकरी सोडून गेला. नव्या मुलाने वही मागितली नाही, कंबरेचं विचारलं नाही, थेट 20 किलोचा रॉड उचलायला दिला. माझी पाठ गोल होत होती आणि तो मोबाईलकडे बघत "और दो, ताई" म्हणत होता. दोनदा तसं झाल्यावर मी थांबले. काउंटरवर म्हणाले, "पैसे परत मिळत नाहीत, पावतीमागे लिहिलंय."

पैसे मिळतील का? आणि गल्लीतल्या बायका विचारतात, जिम कशी आहे. सगळंच वाईट नाही, मग प्रामाणिकपणे लिहायचं कसं?

धुळेकर_७७
ताई, पावतीवर 'नॉन रिफंडेबल' आहे ना, मग विषय संपला. पैसा दिधात म्हणजे गयात. फार तर कार्ड नणंदेच्या नावावर करून घ्या.

केळीबाग
घरीच व्यायाम करा ना. मी रावेरला घरी डंबेल आणलेत, फी नाही, गर्दी नाही. कोणत्या वजनाचे घ्यायचे ते सांगू का?

शाळामास्तरीण
केळीबाग दादा, डंबेलचं नंतर नक्की विचारीन. आत्ता मला शिकवणारं माणूस हवंय, सामान नाही.

अमळनेरकर
धुळेकर भाऊ, निम्मं बरोबर आहे. मन बदललं म्हणून वर्षाची फी परत मागितली, तर ती ओळ आडवी येते. पण ताईंचं मन बदललेलं नाही. ज्या सेवेचे पैसे घेतले ती नीट दिली नाही, ही सेवेतली त्रुटी झाली. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे त्याची तक्रार करता येते. पावतीमागे एक ओळ छापली म्हणून तो हक्क जात नाही.

ताई, मागणी नेमकी ठेवा. 14,400 भागिले 36 म्हणजे सत्राला 400. पहिल्याची 12 आणि नव्याची 2 वजा केली की 22 उरतात, म्हणजे 8,800. नव्याच्या दोन सत्रांवरून वाद घालू नका, आकडा स्वच्छ राहतो. वर्षाची फी यात मिसळू नका, कारण जिमचा दरवाजा तुम्हाला उघडा आहे. सगळे 25,400 मागितले तर ते त्यावरच बोट ठेवतील.

पत्रात ट्रेनर गेल्याची तारीख, जुना त्रास आणि दोन सत्रांत काय झालं एवढंच लिहा. एक तर तेवढाच जाणकार ट्रेनर द्या, नाही तर 8,800 परत करा, असे दोन पर्याय ठेवा आणि 15 दिवसांची मुदत द्या. स्पीड पोस्टाने पाठवा, व्हॉट्सॅपवरही टाका. उत्तर नाही आलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर नोंदवा. पुष्कळदा तिथूनच फोन गेल्यावर मिटतं. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंत तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. फक्त 'करारच अन्यायकारक' असा मुद्दा घेऊ नका, तो राज्य आयोगाकडे जातो आणि 8,800 साठी तेवढी धावपळ परवडत नाही.

धुळेकर_७७
हे माहीत नव्हतं. पण एक बघा, बिलात जीएसटी 18 टक्के लावलाय का? आता जिमला 5 आहे. जास्तीचा मागून घ्या.

अमळनेरकर
5 टक्के 22 सप्टेंबर 2025 पासून. त्याआधीचं बिल आणि पैसे असतील तर 18 बरोबरच. ताई, तुमचं बिल कधीचं?

शाळामास्तरीण
बिल नाहीच, हाताने लिहिलेली पावती आहे. तिच्यावर कराचा उल्लेख नाही. वहीच्या पानांचे फोटो मात्र आहेत.

अमळनेरकर
मग पक्कं बिल आधी मागा, तेही लेखी. वहीचे फोटो जपा, पहिल्याने काय दिलं आणि दुसऱ्याने काय दिलं नाही ते त्यातच दिसतं.

हतनूर
मी भुसावळला बरीच वर्षं ट्रेनर होतो, म्हणून लिहिण्याबद्दल बोलतो. रॉड दिला हा दोष नाही, तुमचं वाकणं न बघता दिला हा दोष आहे. तोच रॉड ठोकळ्यांवर गुडघ्याच्या उंचीला ठेवून दिला असता, तर कदाचित चाललंही असतं. म्हणून "अडाणी ट्रेनर" लिहू नका. "जुना त्रास विचारला नाही, नोंद ठेवली नाही, सेट चालू असताना लक्ष मोबाईलवर" असं लिहा. वाचणाऱ्याला हेच तपासता येतं. त्या मुलाचं नाव घालू नका. मालक अशा पोरांना धड शिकवत नाही आणि एकाच वेळी तीन-चार जणांवर उभं करतो. शिव्या पोराला बसतात, मला याचं फार वाईट वाटतं.

गर्दीचं लिहिताना वेळ लिहाच. आपल्याकडे पहाटे पोलीस भरतीची पोरं असतात, संध्याकाळी दुकानं-ऑफिसं सुटल्यावरची गर्दी, आणि मे महिन्यात दुपारी पत्रा तापला की कोणी थांबत नाही. नुसतं "गर्दी असते" वाचून कोणाला काय कळणार? स्क्वॉट रॅक किती आणि एका सेटसाठी किती थांबावं लागतं, ते लिहा.

शाळामास्तरीण
रॅक एकच आहे. साडेसहा ते आठ दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं, दुपारी चारला अजिबात नाही. मॅटना ओलसर वास येतो, पुसायची बाटली असते पण बहुतेक वेळा रिकामी.

वरणबट्टी
मॅटवरून मला मांडीला नायटा झाला! मेडिकलवाल्याने दिलेलं मलम लावलं, आधी दबला आणि मग दुप्पट पसरला. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यात स्टिरॉईड होतं. जिमवर केस करता येईल का?

हतनूर
ताई, तो मॅटवरूनच आला हे सिद्ध करणं कठीण. टॉवेलवरून, घरातूनही येतो. स्वतःची चादर न्या, घामाचे कपडे लगेच बदला. शाळामास्तरीण ताई, तुम्हीही नायट्याचं लिहू नका. रिकामी बाटली तुम्ही डोळ्यांनी पाहिलीय, तेवढंच लिहा.

शाळामास्तरीण
असं लिहिते आहे, बघा: "यंत्रं चांगल्या स्थितीत. दुपारी चार ते पाच निवांत, साडेसहा ते आठ एका रॅकसाठी दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं. मॅट ओलसर, पुसायची बाटली बहुतेक वेळा रिकामी. पहिल्या ट्रेनरने जुना त्रास विचारून, नोंद ठेवून उत्तम शिकवलं. तो गेल्यावर आलेल्या ट्रेनरने दोन्ही केलं नाही. उरलेल्या 22 सत्रांचे पैसे मागितल्यावर परत मिळत नाहीत असं सांगितलं. पर्सनल ट्रेनिंगचे पैसे भरण्याआधी ट्रेनर गेला तर काय, ते लेखी घ्या."

अमळनेरकर
उत्तम. फक्त 15 दिवस संपेपर्यंत टाकू नका. पैसे मिळाले तर तेही लिहावं लागेल. आणि "पैसे द्या नाही तर रिव्ह्यू टाकते" असं चुकूनही म्हणू नका, ती धमकी धरतील.

केळीबाग
मला हे पटत नाही. 15 दिवसांत आणखी चार बायका पैसे भरतील. आजच टाका.

शाळामास्तरीण
तोच पेच आहे. पत्र उद्या पोस्टात टाकते. विचारायला येणाऱ्या बायकांना तोंडी सांगतेच आहे, की सध्या फक्त महिन्याची फी भरा, ट्रेनरचे पैसे आगाऊ देऊ नका. हतनूर दादा, पहिला ट्रेनर दुसऱ्या जिममध्ये लागलाय. त्याच्याकडे घरी शिकायचं ठरवलं, तर 8,800 च्या मागणीला काही बाधा येईल का?

हतनूर
मागणीचं अमळनेरकर सांगतील. त्याला मात्र आधी विचारा, नव्या जिमने बाहेर शिकवायला मनाई केलीय का. पुष्कळ ठिकाणी करतात.