उत्तर: माणकाच्या लॅब रिपोर्ट कार्डावरची 'कॉमेंट्स'ची ओळ

> "कार्डावर 'नॅचरल रुबी' लिहिलंय, मग खात्री धरायची ना?"

तेवढ्यावर नको. खाली 'कॉमेंट्स'ची बारीक ओळ असते, ती वाचा. नुसतं तापवलेलं माणिक बाजारात सर्रास चालतं, ते टिकतंही. पण तिथे 'लेड ग्लास फिल्ड' असेल, तर भेगाळ खड्यात शिशाची काच भरलीय. मूळ दगड खाणीतलाच, म्हणून दुकानदार छातीठोकपणे 'नॅचरल' म्हणतो!

दहापट भिंगाखाली खडा दिव्यासमोर हळूहळू फिरवा. भेगांमध्ये निळी किंवा नारिंगी झळक आणि गोल बुडबुडे दिसले की समजा, काच आहे. ही काच लिंबाच्या रसानेही खराब होते. माझ्या मावसभावाची अशाच खड्याची अंगठी लहान करताना सोनाराने खड्यासकट ज्योत लावली. पृष्ठभागावर पांढुरक्या रेघांचं जाळंच उमटलं.

दुसरी चलाखी म्हणजे कार्ड खरं, खडा भलताच. रिपोर्ट नंबर कार्डावरच्या क्यूआरने नको, लॅबची साइट स्वतः उघडून तपासा. मग सुटा खडा समोर तोलून घ्या. रिपोर्टमध्ये ४.७८ कॅरट असेल आणि काटा ४.६१ दाखवत असेल, तर तो खडा वेगळाच. अंगठीत बसवल्यावर हे तोलता येत नाही, म्हणून आधी खडा, मग घडणावळ.